दहा अधिक दहा, बरोबर बारा

पाणी कमी पडलं की शहरात मीटिंग होते आणि गावात मोटार येते. मीटिंगमध्ये दोन तास चर्चा होते, गावात दोन मिनिटांत निर्णय होतो, पण निष्कर्ष दोन्हीकडे एकच निघतो : "अजून एक बसवा." हे 'अजून एक' फार लाघवी प्रकरण आहे. आहे तोच पंप, त्याच कंपनीचा, त्याच हॉर्सपॉवरचा आणि जमल्यास त्याच रंगाचा आणायचा. मग शेजारी शेजारी बसवून, दोघांना वाय जोडाने एका पाइपात जोडून, नारळ फोडायचा. एक पंप इतकं पाणी देतो, तर दोन पंप त्याच्या दुप्पट देतील, याबद्दल कुणालाच शंका नसते. शंका असलेला माणूस बैठकीत एखादाच असतो आणि त्याला चहा सांगायला पाठवलेलं असतं.

तो माणूस बहुतेकदा मी असतो. पंपांच्या कारखान्यात टेस्ट बेडवर नोकरी केल्याचा हा दुष्परिणाम. टेस्ट बेड म्हणजे नवा पंप चालवून, त्याचा व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत, कुठल्या उंचीला तो किती पाणी देतो ते मोजायची जागा. नातेवाइकांच्या दृष्टीने हे काम मिक्सर दुरुस्त करण्याच्याच जातीचं आहे. त्यामुळे आमच्या कृष्णाकाठच्या मामांनी दुसरी मोटार घ्यायचं ठरवल्यावर मला फोन केला, तो सल्ला विचारायला नव्हताच. मोटार घ्यायची हे ठरलेलं होतं. ओळखीने दर पाडून मिळेल का, एवढंच त्यांना हवं होतं.

मामांचा मामला असा. नदीवर साडेसात हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक. तिथून उसापर्यंत ११० मिलिमीटरचा, म्हणजे गावच्या भाषेत चार इंची, पीव्हीसी पाइप सुमारे बाराशे मीटर गेलेला. नदीच्या पाण्यापासून शेतातल्या तोंडापर्यंतचा चढ १५ मीटर. मोटार सेकंदाला १० लिटर पाणी टाकते. एकरभर उसाला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतं, म्हणजे साडेपाच तास. थ्री फेज लाईट आठ तास, तीही आठवड्यातले काही दिवस रात्रीची. रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला मामा वैतागले होते.

"आरं, येक मोटार धा लिटर टाकती," मामा म्हणाले. "दोन लावल्या तर वीस. अडीच-तीन तासांत एकर भिजलं. ह्यात तुझं विंजिनेरिंग कुटं आलं?"

माझं विंजिनेरिंग कुठे आलं ते सांगायला मला एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू लागली.

पंप १० लिटर देतो हे वाक्यच मुळात अर्धवट आहे. पंप काहीही 'देतो'. समोर किती उंची उभी आहे ते बघून देतो. मामांच्या पंपाचा मी मांडलेला हिशेब असा : तोंड पूर्ण बंद केलं तर तो पाण्याला ४० मीटरपर्यंत रेटून धरतो, पण पाणी मात्र शून्य. सेकंदाला ५ लिटर घ्यायला लागलो की रेटा साडेसदतीस मीटरवर येतो. १० लिटरला ३०, १५ लिटरला साडेसतरा, आणि २० लिटरला रेटा संपतो. पाणी वाढवत गेलं की रेटा आधी हळू आणि मग धाडकन कमी होतो. पत्रिकेवर हे बिंदू जोडले की डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी, पोट किंचित बाहेर काढलेली एक रेषा मिळते. हीच पंपाची वक्ररेषा. पंपाच्या कॅटलॉगमध्ये ती शेवटच्या पानावर छापलेली असते. दुकानात कॅटलॉगचं पहिलं पान दाखवतात, त्यावर हिरवंगार शेत आणि हसणारा शेतकरी असतो.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू पाइपाची, आणि पाइपाचं म्हणणं कुणी ऐकत नाही. मामांच्या पाइपातून पाणी न्यायचं तर १५ मीटरचा चढ चुकत नाही, पाणी थेंबभर असो की लोटभर. त्याच्यावर घर्षणाचा भुर्दंड येतो, आणि तो पाण्याच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. १० लिटर नेताना मामांचा पाइप घर्षणात आणखी १५ मीटर खातो. चढाचे १५ आणि घर्षणाचे १५ मिळून ३०. पंप १० लिटरला ३० मीटरच देतो. पंपाची उतरती रेषा आणि पाइपाची चढती रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तो हा बिंदू. याला कार्यबिंदू म्हणतात. मोटार चालू केल्यावर पाणी आपोआप त्या बिंदूवर येऊन स्थिरावतं. पंपाच्या मनात काय आहे किंवा पाटीवर काय कोरलंय याला तिथे किंमत नाही.

"मग?" मामा म्हणाले. "आता दुसरी लाव."

दोन सारखे पंप शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडले, की दोघांच्या तोंडाशी रेटा एकच असतो, कारण दोघं एकाच पाइपात ओततात. म्हणून दर उंचीला पाणी दुप्पट मांडायचं. साडेसदतीस मीटरला ५ चे १० लिटर झाले, तीस मीटरला १० चे २०. बंद तोंडाचा रेटा मात्र ४० च राहतो. दोन पंप समांतर जोडल्याने रेटा एक मीटरभरही वाढत नाही. रेषा उंच होत नाही, फक्त उजवीकडे ताणली जाते.

आता मामांचे २० लिटर कुठून आले ते दिसतं. ते चूक नाहीत. तीस मीटरला दोन पंप खरोखरच २० लिटर देतात. दुकानदारही शपथेवर सांगू शकतो. फक्त पाइपाला विचारायचं राहिलं. २० लिटर न्यायचं तर पाणी दुप्पट झालं, घर्षण चौपट झालं. १५ चे ६० मीटर. वर चढाचे १५. एकूण ७५ मीटर रेटा हवा, आणि दोन्ही पंप मिळून जास्तीत जास्त ४० देऊ शकतात, तेही पाणी शून्य असताना.

मग होतं काय? दुसरी मोटार चालू केली त्या क्षणी पाइपात १० लिटरच पाणी आहे असं धरू. त्यातले पाच पाच प्रत्येकाच्या वाट्याला. पाच लिटरला पंप साडेसदतीस मीटर रेटतो, पाइप मागतो तीस. रेटा उरला, म्हणून पाणी वाढतं. पाणी वाढलं की पाइप जास्त मागायला लागतो आणि पंप कमी द्यायला लागतात. १२ लिटरच्या जवळ दोघांचं जमतं : प्रत्येक पंप ६ लिटर, रेटा साडेछत्तीसच्या आसपास. तिथेच गाडी थांबते. एसटीच्या एकाच दाराशी आत चढवायला एकाऐवजी दोन कंडक्टर उभे केले, तर गर्दीला जोर दुप्पट मिळतो, पण दार तेवढंच राहतं. आत जाणारी माणसं थोडीच वाढतात आणि चेंगराचेंगरी बरीच.

"बारा?" मामांना ऐकू कमी येतं असं नाही, पण त्यांनी तीनदा विचारलं. "धा आणि धा बारा?"

साडेपाच तासांचं काम पावणेपाच तासांवर. एवढ्यासाठी दुसरी मोटार, दुसरा स्टार्टर, दुसरा फुटव्हॉल्व्ह. आणि यातली सगळ्यात मजेची गोष्ट गावात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती अँपिअर मीटरवर दिसते आणि अँपिअर मीटर बहुतेक स्टार्टरवर बंद पडलेला असतो. दुसरी मोटार चालू केली की पहिलीचे अँपिअर कमी होतात. या जातीच्या पंपाला पाणी कमी तर भार कमी. मोटार हलकी चालते म्हणून मालक खूश होतो. वास्तविक पहिली मोटार आपलं निम्म्याच्या जवळपास काम दुसरीच्या अंगावर टाकून मोकळी झालेली असते आणि दुसरीही तेच करत असते. सहा लिटरवर पंपाची कार्यक्षमताही घसरते. दहा लिटरवर ती ६५ टक्के असेल तर सहावर ५२ च्या आसपास आली असं धरून मी हिशेब केला, तर दोघींची मिळून वीज ऐंशी टक्के जास्त आणि पाणी वीस टक्के जास्त.

विजेचा मुद्दा मामांनी हसून उडवला. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ झालंय. मग मी हळूच विचारलं, की ही माफी साडेसातपर्यंतच्या जोडणीला आहे, तर त्याच जोडणीवर दोन साडेसात चालवल्यावर भार किती होतो? साडेसात आणि साडेसात मात्र तंतोतंत पंधराच होतात. तिथे घर्षण वगैरे काही आड येत नाही. मामा एकदम पाइपाबद्दल बोलायला लागले.

"मग दुसरी कशी लावायची ते तरी सांग."

एकामागे एक. म्हणजे पहिल्या पंपाचं डिलिव्हरीचं तोंड दुसऱ्याच्या सक्शनला जोडायचं. या मालिकेच्या जोडणीत पाणी दोघांतून तेवढंच जातं आणि रेटे एकमेकांवर चढतात. दहा लिटरला ३० ऐवजी ६० मीटर, बंद तोंडाला ४० ऐवजी ८०. आता रेषा उंच होते, पण उजवीकडे सरकत नाही. २० लिटरला एकट्याचा दम संपत होता, तसा दोघांचाही तिथेच संपतो. पाणी कितीही हवं असलं तरी मालिका २० च्या पुढे जाणार नाही. पण मामांना २० च्या पुढे जायचंच नव्हतं, त्यांना पाइपाचा हट्ट मोडायचा होता. दहा लिटरला पाइप ३० मागतो आणि पंप ६० देतात, म्हणून पाणी वाढत वाढत साडेतेराच्या थोडं पुढे जातं. तिथे पाइप मागतो त्रेचाळीसेक मीटर आणि प्रत्येक पंप देतो साडेएकवीसेक. समांतरमध्ये १२, मालिकेत १३.६. एकर सव्वाचार तासांच्या आत.

लांब, अरुंद पाइपात असं होतं. तिथे अडचण रेट्याची असते, आणि मालिका रेटा वाढवते, समांतर वाढवत नाही. चढच ४५ मीटर असता तर गोष्ट अजून सोपी होती : चाळीस मीटरचे पंप शेजारी शेजारी दोन नाही, वीस बसवले तरी शेतात एक थेंब आला नसता, आणि एकामागे एक दोन बसवले की पाणी आलं असतं.

मामांना मालिका पटली, त्याचं कारण मात्र वेगळंच होतं. एकामागे एक बसवलं की वाय जोड लागत नाही, पाचशे रुपये वाचतात.

आणि इथे पीव्हीसी पाइप दत्त म्हणून उभा राहिला. आपल्याकडे हा पाइप किलोवर ओळखला जातो. वजनाचे किलो नव्हेत, दर चौरस सेंटिमीटरला किती किलोचा दाब सोसेल ते किलो. मामांचा पाइप चार किलोचा, म्हणजे साधारण ४० मीटर रेट्याचा. एका पंपाच्या बंद तोंडाचा रेटा बरोबर ४० मीटर, म्हणून इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही. दोन पंप एकामागे एक नदीवरच बसवले, तर चालतानाच सुरुवातीच्या पाइपावर जवळजवळ ४३ मीटर येतात. आणि शेतात एखाद्या शहाण्याने दुसऱ्या सरीला पाणी वळवताना आधी इकडचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मग तिकडचा उघडायला गेला, तर मधल्या दोन मिनिटांत ८० मीटर. चार किलोच्या पाइपावर आठ किलो. पाइप फुटतो तो नेमका शेजाऱ्याच्या हरभऱ्यात, आणि तिथून पुढचं प्रकरण पंपशास्त्राच्या कक्षेबाहेर तालुक्याच्या कोर्टात चालतं.

यावर नदीकाठच्या लोकांनी एक तोड काढलेली आहे आणि ती चांगली आहे. दुसरा पंप नदीवर बसवायचाच नाही, वाटेत बसवायचा. पाइप एकसारखा चढत गेलाय असं धरलं आणि दुसरा पंप एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे चारशे मीटरवर ठेवला, तर पहिल्या पंपाच्या साडेएकवीसेक मीटरपैकी चढ आणि घर्षण मिळून चौदाच्या थोडं वर खर्च झालेले असतात. दुसऱ्याच्या तोंडाशी सातेक मीटर शिल्लक पोचतात, तो त्यात स्वतःचे साडेएकवीस घालतो आणि पुढे जवळपास साडेअठ्ठावीस मीटरने पाणी निघतं. चालत्या लाइनमध्ये कुठेच ३० च्या वर दाब नाही. जुना पाइप मजेत. व्हॉल्व्ह बंद करायची चैन तरीही नाहीच : तोंड बंद झालं तर दुसऱ्या पंपाशी सत्तरच्या वर मीटर चढतात. म्हणून शेतात पाइपाचं तोंड उघडं ठेवून पाणी हौदात सोडायचं आणि वाटण्या हौदाच्या पुढे करायच्या.

मामांनी लगेच विचारलं, "निम्म्यात का न्हाई? निम्म्यात आपला खोपा हाय." निम्म्यावर हिशेब घातला तर पहिल्या पंपाचा सगळा रेटा तिथवर येता येता संपलेला असतो, शिल्लक शून्य. त्याच्याही पुढे नेला तर दुसरा पंप पाणी रेटण्याआधी ओढायला लागतो, पाइपाच्या प्रत्येक सांध्यातून हवा आत घेतो, आणि पातळ पाइप असेल तर तो चपटाही होतो. खोपा सोयीचा आहे हे कारण पंपाला चालत नाही.

वाटेतल्या पंपाची दुसरी अडचण माणसांची आहे. दोन पंपांत चारशे मीटर अंतर, म्हणजे दोन स्टार्टर आणि दोन माणसं. नदीवरचा आधी चालू व्हायला हवा, पाणी वरच्या पंपापर्यंत भरून आलं की मग वरचा. बंद करताना वरचा आधी. मध्येच नदीवरची मोटार फेज गेल्याने बसली आणि वरची चालूच राहिली, तर वरची मोटार बंद पडलेल्या पंपातून पाणी ओढायचा प्रयत्न करते, पाणी तुटतं, ग्लँड कोरडी पडते आणि मोटार जळते. मग ती भरायला टाकायची. मोटार भरणारा तांब्याची तार दाखवून "ओव्हरलोड झाली" एवढंच सांगतो. ओव्हरलोड कुणावर कुणाचा, हे तो सांगत नाही. दोन्ही स्टार्टर एकमेकांना तारेने बांधले तर हे टळतं. पण चारशे मीटर तार उघड्यावर टाकली तर ती किती दिवस आपली राहील, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

नदीवरच्या पंपाचंही आयुष्य बदलतं. आता त्याच्यातून दहाऐवजी साडेतेरा लिटर जातात. सक्शनच्या पाइपात आणि फुटव्हॉल्व्हमध्ये घर्षण जवळजवळ दुप्पट होतं. उन्हाळ्यात नदी खाली गेली आणि पंप पाण्यापासून सहा-साडेसहा मीटर वर राहिला, की पंपातून खडे घुसळल्यासारखा आवाज येतो. खडे नसतात. इम्पेलरच्या तोंडाशी दाब इतका पडलेला असतो की गार पाण्याच्याच वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे जाऊन फुटतात. सहा महिन्यांनी इम्पेलर काढला तर पात्यांवर देवीचे व्रण. गावात निदान ठरलेलं असतं, "पाण्यात वाळू हाय."

हे सगळं ऐकून मामा म्हणाले, "म्हंजी शेजारी शेजारी लावायची जोडणी फुकटच?" तर तसंही नाही, आणि याचा पुरावा शहरात, आमच्याच सोसायटीच्या तळघरात होता.

सोसायटीत पंपाची चर्चा ही वार्षिक सभेतली सगळ्यात लांब चर्चा असते, कारण त्यात सगळ्यांना कळतं. खालच्या टाकीतल्या पाण्यापासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत २९ मीटर. पाइप रुंद आणि सरळ वर गेलेला, त्यामुळे १० लिटरला घर्षण जेमतेम १ मीटर. एकूण ३०. म्हणजे मामांचाच पंप इथे आणून बसवला, तर इथेही तो दहाच लिटर देईल, तीस मीटरलाच. दोन्हीकडचा कार्यबिंदू एकच. पंपाला डोळे बांधून विचारलं, तू नदीवर आहेस की तळघरात, तर त्याला सांगता येणार नाही.

पण जोडीला दुसरा पंप आला की पंपाला कळतं. सोसायटीत पाणी वाढवलं तरी पाइप फारसं जास्त मागत नाही. २९ चा चढ तेवढाच आणि घर्षणाचे एकाचे तीन होतात, बस. त्यामुळे दोन पंप समांतर चालवले की पाणी १७.७ लिटरवर जातं. दुप्पट इथेही नाही, पण पाऊणपट जास्त. मालिकेत लावले तर १५.६, म्हणजे समांतरपेक्षा कमी. दोघांच्या रेषा पत्रिकेवर १५ लिटर आणि ३४ मीटरच्या आसपास एकमेकींना छेदतात. पाइपाची रेषा त्या बिंदूच्या वरून गेली तर मालिका जिंकते, खालून गेली तर समांतर. मामांची वरून जाते, सोसायटीची खालून. पंप तेच, संख्या तीच, सुरुवातीचा बिंदूही तोच, निकाल उलटे.

मी हे सभेत मांडलं. सेक्रेटरींनी ते 'पंपाविषयी सविस्तर चर्चा झाली' असं इतिवृत्तात लिहिलं. मग दोन्ही पंप एकत्र चालवायचं ठरलं आणि चालवले, तर टाकी भरायला पूर्वीइतकाच वेळ लागला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सेक्रेटरींचं म्हणणं : दोन्ही मोटारी फिरतायत, दोन्ही दिवे लागलेत, म्हणजे दोन्ही काम करतायत. ही समजूत सरकारी कचेऱ्यांपासून तळघरांपर्यंत सगळीकडे आहे. मी दुसऱ्या पंपाच्या आवरणावर हात ठेवला आणि झटकन काढला. चांगलंच तापलं होतं. त्याच्या पुढची एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, चालू करताना 'टक' वाजली नव्हती आणि त्याचे अँपिअर पहिल्यापेक्षा बरेच कमी होते. पंप फिरत होता, पाणी जात नव्हतं. आतलं तेच पाणी घुसळत तापत होता.

चौकशीत कळलं की पूर्वी कधीतरी त्याचा इम्पेलर बदलला होता. मूळचा महाग पडत होता, म्हणून 'मिळताजुळता' बसवला. मिळताजुळता म्हणजे व्यासाने तेरा-चौदा टक्के लहान. रेटा व्यासाच्या वर्गाने घटतो, म्हणून बंद तोंडाचा रेटा ४० वरून ३० मीटरवर आला. हा पंप एकटा चालवला की २९ चा चढ कसाबसा ओलांडून तीनेक लिटर देतो, म्हणून कुणाला संशय आला नव्हता. 'जरा हळू चालतो' एवढीच तक्रार होती. पण शेजारचा तगडा पंप पाइपात ३० मीटर रेटा धरून बसला, की याचे ३० त्याच्या झडपेला ढकलूच शकत नाहीत. एकट्याने तीन, जोडीने शून्य. सारखे पंप म्हणजे सारख्या पाटीचे पंप नव्हेत. आतले इम्पेलर सारखे हवेत. एनआरव्ही नसती तर अजून मजा : तगड्या पंपाचं पाणी बंद असलेल्या पंपातून उलटं खालच्या टाकीत गेलं असतं आणि ती मोटार लाईट नसताना उलटी फिरताना दिसली असती. अशा मोटारीला बाहेरची बाधा असल्याचं निदान मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

मूळ मापाचा इम्पेलर बसवल्यावर टाकी भरायचा वेळ जवळजवळ निम्म्याच्या थोडा वर आला. इतिवृत्तात 'पंप दुरुस्त केला' असं आहे.

मामांकडे मात्र मी शेवटी वेगळाच हिशेब घेऊन गेलो, कारण पत्रिकेवर एक रेषा अजून हलवायची राहिली होती. आम्ही सगळे पंपाची रेषा ओढून ताणून बघत होतो, समांतर आडवी, मालिकेत उभी. पाइपाची रेषा कुणी हलवलीच नव्हती. ११० ऐवजी १४० मिलिमीटरचा पाइप घेतला, तर त्याच पाण्याला घर्षण एक तृतीयांशाच्याही खाली येतं; घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने कमी होतं. दहा लिटरला १५ मीटरऐवजी साडेचार. मग जुनी, एकटी, साडेसातची मोटार त्या पाइपातून १३ लिटर टाकते. शेजारी शेजारी लावलेल्या दोघींपेक्षा जास्त, एकामागे एक लावलेल्या दोघींपेक्षा किंचित कमी, आणि भार साडेसातच.

"आणि त्या पाइपाला दोन लावल्या तर?"

"एकोणीसला थोडे कमी."

मामा बराच वेळ गप्प होते. बाराशे मीटर पाइप म्हणजे दोन मोटारींपेक्षा मोठी रक्कम, शिवाय चर खणायचा. पण चर एकदाच खणायचा आणि रात्री दारं दर पाळीला धरायची, हा हिशेब त्यांनी माझ्याशिवाय केला. पाइप पडला. मोटार तीच. पाटात पाणी आलं ते आधीपेक्षा भरून आलं, आणि बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाने ते उभं राहून बघितलं.

मामांच्या शेजाऱ्यानेही बघितलं. त्याचा पाइप ९० चा, आणि शेत मामांच्याही पुढे. चर खणला होता तो त्याला दिसला नव्हता; तो बुजला होता आणि वर मेथी उगवली होती. दिसत होती फक्त नदीवरची मोटार. त्याने दुकान गाठलं आणि तसल्याच दोन मागितल्या. दुकानदाराने विचारलं, शेजारी शेजारी जोडणार की एकामागे एक?

"कशीबी जोड," तो म्हणाला, "पर रंग त्येंच्यावानी निळा दे."